बारा घरांनी अडवलेली एफ चाचणी : माझा अनुभव

इंदूरमधील घरभाड्यांवरच्या माझ्या प्रबंधाचे पहिले दोन अध्याय कसे झाले, हे आता मला आठवतही नाही. तिसऱ्या अध्यायातील एका कोष्टकाने मात्र पंधरवडा खाल्ला, आणि त्यातले आठ दिवस तर मी संगणक बिघडला आहे अशा समजुतीत घालवले.

मी 108 भाड्याच्या घरांची माहिती स्वतः फिरून गोळा केली होती. मासिक भाडे हजार रुपयांत मांडले होते, आणि ते ठरवणारे चल म्हणून क्षेत्रफळ, मजला व इमारतीचे वय घेतले होते. त्यांच्या जोडीला तीन अंतरेही होती : राजवाड्यापासून, रेल्वे स्टेशनपासून आणि पलासिया चौकापासून. सहाही चल घेऊन रिग्रेशन चालवले, तेव्हा तिन्ही अंतरांची टी-मूल्ये -1.21, -0.64 आणि -0.88 आली, म्हणजे एकही लक्षणीय नव्हते. मार्गदर्शक मॅडमनी विचारले, "मग अंतराचा भाड्याशी संबंधच नाही, असे लिहिणार का?" राजवाडा आणि स्टेशन एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे जे घर एकापासून दूर ते दुसऱ्यापासूनही दूरच असते, अशा वेळी परिणाम नेमका कोणत्या अंतराचा हे रिग्रेशनला वेगळे काढता येत नाही आणि तिघांचीही टी-मूल्ये लहान पडतात. तिन्ही सहगुणक एकाच वेळी शून्य आहेत का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर एफ चाचणी देते. मॅडमनी तीच करून आणायला सांगितली.

चाचणीचे गणित सोपे आहे. सहाही चलांचे प्रारूप बंधनमुक्त. तिन्ही अंतरे वगळलेले, म्हणजे त्यांचे सहगुणक शून्य असल्याचे बंधन घातलेले, ते बंधनयुक्त. दोन्हींच्या अवशिष्ट वर्गांची बेरीज, म्हणजे प्रारूपाच्या अंदाजात राहिलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज, घ्यायची. बंधन घातल्याने ही बेरीज किती वाढली ते पाहायचे, त्या वाढीला बंधनांच्या संख्येने भागायचे आणि येणाऱ्या आकड्याची तुलना बंधनमुक्त प्रारूपाच्या चुकांच्या विचरणाशी करायची.

```
F = [(SSR_r - SSR_ur) / q] / [SSR_ur / (n - k - 1)]
```

यात SSR_r ही बंधनयुक्त आणि SSR_ur ही बंधनमुक्त प्रारूपाची बेरीज, q बंधनांची संख्या, n घरांची, k बंधनमुक्त प्रारूपातील चलांची, आणि n - k - 1 म्हणजे त्याचे डिग्रीज ऑफ फ्रीडम. माझ्या बंधनमुक्त प्रारूपात SSR_ur = 356 आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम 89 होते, म्हणून छेद 356 / 89 = 4. (चुकांचे विचरण 4 म्हणजे अंदाज साधारण दोन हजार रुपयांनी चुकतो, हे मला तेव्हा पटले होते.) बंधनयुक्त प्रारूपात SSR_r = 500 आले. वाढ 144, बंधने तीन, म्हणून 48. त्याला 4 ने भागून एफ 12. एक टक्का पातळीवरचे निर्णायक मूल्य जेमतेम 4 असते, त्यामुळे 12 पाहून मला फार आनंद झाला, आणि तो आनंदच महागात पडला. मी आकडे वहीत हाताने मांडले होते. मॅडमनी पी-मूल्यही मागितले, म्हणून मी आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही प्रारूपे देऊन `anova(m0, m1)` चालवले. पडद्यावर आले :

```
models were not all fitted to the same size of dataset
```

संगणक कक्षातल्या माणसाने या ओळीकडे न पाहताच, सॉफ्टवेअर जुने झाले आहे, नवे टाकावे लागेल, असे सांगितले. ते टाकायला आठ दिवस लागले. नव्या सॉफ्टवेअरनेही तीच ओळ दाखवली, तेव्हा मात्र मी कक्षाबाहेर येऊन पायरीवर बसले.

त्या संध्याकाळी रामबागेतल्या काकांकडे गेले. काका सांख्यिकीचे निवृत्त प्राध्यापक, त्यांनी वही हातात घेतली, एफ कडे पाहिलेही नाही, फक्त विचारले, "दोन्ही प्रारूपांचे डिग्रीज ऑफ फ्रीडम किती?" मी म्हटले, 89 आणि 104. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वजाबाकी केली. "पंधरा. आणि तू बंधने किती घातलीस? तीन. मग हा फरक तीनच यायला हवा होता."

कारण उघड होते, फक्त मला दिसले नव्हते. बारा घरांचे पत्ते अपुरे होते, म्हणून त्यांची अंतरे रिकामी होती. रिकामी जागा असलेले घर आर मुकाट्याने गाळते, त्यामुळे बंधनमुक्त प्रारूप 96 घरांवर चालले. बंधनयुक्त प्रारूपात अंतरेच नव्हती, म्हणून ते पूर्ण 108 घरांवर चालले. पहिल्या प्रारूपाच्या `summary` मध्ये `(12 observations deleted due to missingness)` ही ओळ छापून आलीही होती. मी ती न वाचता सहगुणकांकडे धावले होते.

काकांनी पुढे जे सांगितले ते मला त्या कोष्टकापेक्षाही मोलाचे वाटते. 108 घरांवरची चुकांच्या वर्गांची बेरीज त्यातल्याच 96 घरांवरच्या बेरजेपेक्षा कधी लहान होऊ शकत नाही, कारण घरे वाढली की बेरजेत वर्गच मिळवले जातात, आणि वर्ग उणे नसतो. म्हणून रिकाम्या जागा तपासायच्या चलांमध्ये असल्या, की ही चूक SSR_r फुगवते, क्वचित जैसे थे ठेवते, पण घटवत कधीच नाही. एफ विनाकारण मोठा होतो, आणि तोही आपल्याला हव्या त्या दिशेने. मोठा एफ पाहून कोण पुन्हा मोजायला बसतो?

दुरुस्ती मात्र दहा मिनिटांची होती. रिकामी घरे आधीच गाळायची आणि मग दोन्ही प्रारूपे त्याच घरांवर चालवायची :

```
v <- c("bhade", "area", "floor", "age", "d1", "d2", "d3")
d <- d[complete.cases(d[, v]), ]
m0 <- lm(bhade ~ area + floor + age, data = d)
m1 <- lm(bhade ~ area + floor + age + d1 + d2 + d3, data = d)
anova(m0, m1)
```

आता बंधनयुक्त प्रारूपाची बेरीज 420 आली आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम 92. 92 वजा 89 बरोबर तीन. वाढ 64, तिला तीनने भागून 21.33, आणि त्याला 4 ने भागून एफ 5.33. पी-मूल्य सुमारे 0.002. म्हणजे निष्कर्ष टिकला, पण 12 चा रुबाब गेला. तिन्ही अंतरे मिळून भाड्याबद्दल काही सांगतात, एवढेच यातून म्हणता येते. त्यातले कोणते अंतर ते सांगते, हे या चाचणीला विचारू नये.

वर सांगायचे राहिले, की मी एकदा हाच हिशेब आर-वर्गांवरूनही करून पाहिला होता. बंधनमुक्त प्रारूपाचा आर-वर्ग 0.60 आणि बंधनयुक्ताचा 0.528, दोन्ही तीन दशांश स्थळांपर्यंत घेतले तर उत्तर 5.34 म्हणजे जवळपास तेच येते, पण दुसरा 0.53 असा पूर्णांकित केला की 5.19 होते. म्हणून छापील कोष्टकातले आर-वर्ग उचलून एफ काढू नये.

मॅडमनी कोष्टक मान्य केले, पण विचारले की गाळलेली बारा घरे कोणती. ती बहुतेक बायपासकडच्या नव्या वसाहतींतली निघाली, म्हणजे सर्वांत लांबची, आणि माझी तिन्ही अंतरे नेमकी त्यांच्याचविषयी बोलणार होती. पुढच्या दोन रविवारी स्कूटर घेऊन गेले आणि त्यांपैकी सात घरे शोधून काढली. आता कोष्टकाच्या तळाशी दोन्ही स्तंभांत घरांची संख्या लिहिलेली आहे, आणि दोन्हीकडे ती 103 आहे.