‘हात गेलाय’ म्हणणाऱ्या पेशंटची तपासणी

केसपेपरवर राऊंडच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘इनसाइट प्रेझेंट’, म्हणजे पेशंटला आपल्या दुखण्याची जाणीव आहे. त्याच रात्री काका एकटेच बाथरूमला जायला उठले आणि पलंगाच्या डाव्या बाजूला पडले. सिस्टरनी विचारलं तेव्हा म्हणाले, "फरशी ओली होती." फरशी कोरडी होती.

काका म्हणजे चौसष्ट वर्षांचे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मेंदूच्या उजव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. डाव्या हाताची ताकद शून्य, पायाची पाचपैकी दोन. डावीकडे दुर्लक्ष असल्यामुळे जेवताना ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची. बोलणं मात्र खणखणीत, तारीख-वार बरोबर, विनोदसुद्धा करायचे. असा पेशंट सगळ्यांना फसवतो. डावा मेंदू गेला तर वाचा जाते आणि वॉर्डभर धावपळ होते. उजवा गेला तर माणूस गप्पा मारतो, मग त्याला सगळं कळतंय असं आपण धरून चालतो. स्ट्रोकची तीव्रता मोजायला आपण वापरतो त्या एनआयएचएसएस तक्त्यातही भाषेला थेट सात गुण आहेत, डावीकडच्या दुर्लक्षाला फक्त दोन, आणि आपल्या अपंगत्वाची जाणीव आहे की नाही याला स्वतंत्र रकानाच नाही.

या जाणीव नसण्याला अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणतात. तो मोजायची सर्वांत जास्त वापरात असलेली पद्धत बिझियाक आणि सहकाऱ्यांची, 1986 सालची. तिच्यात प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी मोघम विचारायचं, "काय त्रास होतोय? दवाखान्यात कशासाठी आणलं?" पेशंटने आपणहून हाता-पायाचं सांगितलं तर शून्य. "डाव्या हातात ताकद कशी आहे?" असं नेमकं विचारल्यावर सांगितलं तर एक. दोन्ही हात वर करायला लावून, डावा हात तसाच पडून आहे हे दाखवल्यावर मान्य केलं तर दोन. दाखवूनही मान्य नसेल तर तीन. ‘एक’ला अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणू नये असं बायर आणि कारनाथ यांनी 2005 साली मांडलं, आणि ते मला पटतं. कित्येकांना तोंड वाकडं झाल्याचा किंवा बोबडं बोलण्याचा त्रास जास्त सलत असतो, म्हणून हाताचं आधी निघत नाही. आपल्याकडे आणखी एक भानगड असते. "कसं वाटतंय?" विचारलं की "देवाच्या कृपेनं बरं आहे" असंच म्हणायची रीत आहे. त्या वाक्यावरून कुणालाच गुण देऊ नयेत.

बसायचं पेशंटच्या उजव्या हाताला. डावीकडे बसलात तर प्रश्न पोहोचलाच नाही की उत्तर चुकलं, हे कळत नाही. हात दाखवतानाही तो उचलून उजवीकडच्या नजरेच्या टप्प्यात आणायचा. आणि नातेवाइकांना बाहेर पाठवायचं. काकांच्या बाबतीत नेमकं हेच झालं नव्हतं. राऊंडला काकू शेजारी उभ्या होत्या आणि गेले दोन दिवस त्यांनी व मुलाने मिळून काकांना पढवलं होतं, "हात गेलाय म्हणा, डॉक्टर विचारतील." काकांनी शहाण्या मुलासारखं सांगितलं, "हात गेलाय." गुण शून्य.

काकूंना चहाला पाठवून मी परत विचारलं. "हात गेलाय म्हणतात सगळे," काका म्हणाले. मग हळू आवाजात, "पण मॅडम, तो नुसता आखडलाय. मालिश केलं की येतो." हात हलवून दाखवा म्हटल्यावर थोडं थांबून म्हणाले, "हलवला की!" आवाजात राग नव्हता, भीतीही नव्हती. दुखणं पचत नाही म्हणून नाकारणारा माणूस विषय टाळतो, चिडतो, रडतो. काका शांत होते, मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय असा चेहरा.

तोंडी प्रश्नांवर माझा भरवसा नसतो तो यासाठीच. पुढची पायरी म्हणजे कामांचा अंदाज. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय लागतील अशी रोजची कामं घ्यायची. आम्ही पायजम्याची नाडी बांधणं, बाटलीचं झाकण उघडणं, टाळ्या वाजवणं, जिना चढणं अशी घेतो. प्रत्येकाला शून्य ते तीन, शून्य म्हणजे काहीच अडचण नाही, तीन म्हणजे जमणारच नाही. ही शून्य ते तीनची पट्टी कागदावर उभी काढायची. आडवी काढली तर डावं टोक त्यांना दिसतच नाही. तीच कामं काकूंना वेगळ्या खोलीत विचारायची आणि दोघांतला फरक बघायचा. मधूनमधून उत्तर उघड असलेले प्रश्न टाकायचे, जसं मान हलवता येईल का, दोन माणसं एकदम उचलता येतील का. तिथेच गडबड झाली तर पेशंटला पट्टी कळलेली नाही, बाकीचे आकडे सोडून द्यायचे. काकांनी उघड प्रश्न बरोबर सोडवले. नाडीला काकूंनी तीन दिले, काकांनी शून्य. जिन्यालाही तसंच.

मग ट्रे. यावर माझा जीव आहे. मोठा हलका ट्रे, त्यावर अर्धे भरलेले प्लास्टिकचे ग्लास, खाली मेणकापड. "उचला," एवढंच सांगायचं, कुठे धरा ते सांगायचं नाही. आपला एक हात निकामी आहे हे ज्याला आतून माहीत आहे, तो न सांगता हात ट्रेच्या मध्याखाली घालतो. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटने तसंच केलं होतं, तेही "मला काही झालेलं नाही" म्हणत. काकांनी उजवी कड धरली आणि उचलली, जणू डावी कड दुसऱ्या हातात आहेच. ग्लास घसरून गादीवर आले. "कसं झालं?" विचारल्यावर म्हणाले, "ट्रे वाकडा आहे." दुसऱ्यांदा पुन्हा उजवी कडच.

याचं एक स्पष्टीकरण मला उपयोगी वाटतं. हात हलवायचा मनसुबा मेंदूत तयार होतो, पण तो हलला की नाही हे तपासणारी यंत्रणा बंद पडलेली असते, म्हणून मनसुब्यालाच हालचाल समजलं जातं. शेजारचे पेशंट आणि काका यांच्यावरून हेही दिसतं की बोलण्यातली जाणीव आणि हातापायातली जाणीव एकत्र असेलच असं नाही. जे बोलून नाकारतात पण जपून वागतात ते सहसा पडत नाहीत. बोलून कबूल करतात पण उठून चालायला लागतात, ते पडतात. आपल्या केसपेपरवर मात्र पहिलेच ‘अनकोऑपरेटिव्ह’ ठरतात.

त्या दिवशी ‘इनसाइट प्रेझेंट’च्या खाली मी लिहिलं, ‘तोंडी कबुली पढवलेली, कृतीत जाणीव नाही, पडण्याचा धोका जास्त’. डावीकडचा कठडा वर, बेल उजवीकडे, आणि घरच्यांनी वाद घालायचा नाही. पुढे परवानगी घेऊन समोरून मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला. फोटोपौलू आणि सहकाऱ्यांनी 2009 साली एका पेशंटबाबत लिहिलं होतं की स्वतःला असं बाहेरून पाहिल्यावर त्यांची जाणीव तिथल्या तिथे परतली आणि टिकली. काका बघत राहिले. म्हणाले, "हा तर नाहीच हलत." तासाभराने पुन्हा नाडी बांधता येईल म्हणाले.

बहुतेकांमध्ये हे पहिल्या काही आठवड्यांत ओसरतं. सहा आठवड्यांनी काका आले तेव्हा हाताच्या कामांचे आकडे काकूंच्या आकड्यांच्या जवळ आले होते, पायाचे नव्हते. प्रत्येक कामाची जाणीव वेगळी तपासायची ती याचसाठी. ट्रे समोर ठेवला तर हात बरोबर मध्याखाली घातला आणि हसून म्हणाले, "इथंच हवा होता ना, मॅडम?" म्हणजे जाणीव आली की परीक्षा पाठ झाली? म्हणून मी घडी घालायला चादर दिली. काकांनी उजवं टोक उचललं, ताणलं आणि डावं टोक वर यायची वाट बघत थांबले. मुलगा स्कूटरचं विचारत होता. अजून नाही म्हटलं, घरी कठडा चालू ठेवा, आणि पुढच्या वेळी त्यांनी कधीच न पाहिलेलं काम आणून तपासेन.