तुक्क्यांची शीट: मागची नोंद मागे घेतोय

मागच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं की नीटच्या ८ मॉकमध्ये माझे तुक्के ३५ टक्के बरोबर आले, म्हणजे बिनधास्त मारायचे. ते साफ चूक होतं.

खुणा तुम्हाला माहीत आहेत. पेपर सोडवतानाच प्रश्नाशेजारी करायच्या: दोन पर्यायांत अडकलो तर "द", काहीच येत नसेल तर "?". निकाल पाहून केल्या की मन बरोबर आलेल्या प्रश्नाला हटकून "द" देतं. पक्क्या प्रश्नाला खूण नाही. (म्हणूनच मला छापील पुस्तिका हवी. ॲपवरच्या मॉकमध्ये खरडायला जागाच नसते.)

काल बेरीज जुळेना. "द" ११० आणि "?" २०२, म्हणजे ३१२. पुस्तिकांत हाताने मोजल्या तर सगळ्या मिळून २०२ खुणा! दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं की COUNTIFS मध्ये प्रश्नचिन्हाचा अर्थ 'कोणतंही एक अक्षर' असा होतो. त्यामुळे "द"सुद्धा तुक्क्यांत मोजले जात होते. आधी ~ लावला की काम होतं:

```
=5*COUNTIFS(B:B,"~?",C:C,1)-COUNTIFS(B:B,"~?")
```

(C मध्ये बरोबरला 1. बरोबरला ४, चुकीला उणे १, म्हणून पाचपट.)

आता खरा हिशेब. "द" ११० पैकी ५७ बरोबर, अधिक १७५ गुण. ते सोडायचेच नाहीत. तुक्के मात्र ९२ पैकी १४, म्हणजे उणे २२! २० टक्क्यांच्या वर तोटा नाही, आणि डोळे मिटून मारले तरी २५ टक्के यायला हवेत. मी १५ वर कसा?

मग त्याच ९२ प्रश्नांना सरसकट एकच पर्याय दिला असता तर काय झालं असतं ते काढलं. पर्याय १ ते ४ अनुक्रमे २५, २२, २४, २१ वेळा बरोबर. सगळ्यात वाईट पर्यायानेही अधिक १३ दिले असते. म्हणजे माझा 'अंदाज' नाणेफेकीपेक्षा वाईट.

कारण पुस्तिकेत सापडलं. घरंगळणाऱ्या चकतीची एकूण गतिज ऊर्जा विचारली होती. मी ½mv² वर गोल केला, उत्तर ¾mv². फिरण्याची ऊर्जा विसरणाऱ्यासाठीच तो पर्याय ठेवलेला असतो. अर्धवट आठवण मला बरोबर सापळ्यात नेते.

पुढच्या मॉकला "?" वाले सगळे शेवटच्या ५ मिनिटांत, न वाचता, पर्याय २. आकडे बघून १ निवडला तर ती स्वतःचीच फसवणूक. एका मॉकमध्ये असे ११-१२च प्रश्न येतात, त्यामुळे एखाद्या वेळी सगळेच चुकू शकतात.

लिहिता लिहिता सुचलं: 'ओळखीचा वाटतो' याला वेगळी खूण हवी, "ओ". चकती तिथेच जायला हवी होती. म्हणजे ९२ प्रश्न पुन्हा चाळणं आलं... पण निकाल माहीत असताना खूण लावायची नाही, हा नियम माझाच. "ओ" नवव्या मॉकपासून.