आमची वाटचाल : बांधाच्या मापापासून गाळ्याच्या हिशेबापर्यंत

सिमेंटच्या रेडीमेड कंपाउंडच्या धंद्यात सुरुवातीला आमचा हिशेब सोपा होता : बांधाची एकूण लांबी भागिले एक गाळा, म्हणजे दोन पोलमधले अंतर. तो चौकोनी प्लॉटला चालतो, शेताच्या वाकड्या बांधाला नाही. आता आम्ही प्रत्येक बाजू वेगळी मोजतो.

आमची प्लेट ७ फूट लांब, १ फूट उंच. पोलच्या खाचेतली मोकळीक धरून दोन पोलच्या मध्यांतले अंतर ७ फूट ३ इंच येते. हाच आमचा गाळा. छोट्या गाळ्यातही प्लेट अंतरापेक्षा ३ इंचांनी कमी लागते.

एका बांधाच्या दोन बाजू घ्या : ९६ आणि ६१ फूट, टोकाच्या पोलच्या मध्यापासून मध्यापर्यंत. जुन्या पद्धतीने १५७ फुटांना २२ गाळे, २३ पोल. पाच प्लेट उंचीला ११० प्लेटा.

प्रत्यक्षात ९६ फुटांत १३ गाळे बसून पावणेदोन फूट उरते. एवढा अरुंद गाळा दिसतो वाईट आणि दोन पोलचे खड्डे एकमेकांत घुसतात. म्हणून १२ पूर्ण गाळे आणि साडेचार फुटांचे दोन. ६१ फुटांत ८ पूर्ण आणि ३ फुटांचा एक. गाळे झाले २३. साडेचार फुटांच्या गाळ्यांच्या प्लेटा ४ फूट ३ इंचांच्या, त्या कापताना उरलेला तुकडा २ फूट ९ इंच, म्हणजे तीन फुटांच्या गाळ्याला नेमका. त्यामुळे प्लेटा ११०च पुरल्या. पण हा योग, दर वेळी जुळत नाही.

पोल मात्र कमी पडतात. कोपऱ्याच्या पोलच्या खाचा काटकोनात असतात. बांध काटकोनात वळत नसेल तर प्लेट खाचेत तिरकी अडकते आणि ठोकून बसवली की खाचेची कड उडते. कोपऱ्यावर ३-४-५ फुटांनी गुण्या तपासावा. फरक मोठा असेल तर दोन साधे पोल शेजारी उभे करून मधली फट काँक्रीटने भरतो. या बांधाला तसेच लागले : २५ पोल.

खड्डे आधी आखून सगळे पोल एकदम रोवणे ही दुसरी चूक. एकेका ठिकाणी अर्धा इंच सरकला तरी कुठेतरी प्लेट खाचेत निसटती बसते; हाताने हलवली की खडखडते. एक पोल ओळंब्यात उभा करायचा, प्लेट घालायची, मगच पुढचा पोल.

उतारावर गाळ्यांची संख्या फारशी बदलत नाही, पोलची उंची बदलते. प्लेटा आडव्याच राहतात, म्हणून भिंत टप्प्याने उतरते. टप्पा एका प्लेटचा असेल तर त्या जागेचा पोल १ फूट जास्त लांबीचा मागवावा लागतो. प्लेटखालची त्रिकोणी फट दगड-सिमेंटने बुजवतो. डुकरं तिथूनच शिरतात.