तू चौसष्ट, मी छत्तीस

इंग्लंडमध्ये राहायला आलेल्या आपल्याकडच्या माणसाला इथली थंडी फारशी खुपत नाही. खुपतं ते दुसरंच. इथे लग्नाची जोडपीसुद्धा महिन्याच्या बिलांची टक्केवारी ठरवतात, आणि तीही पगाराच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवून! ‘नवरा-बायकोत कसला हिशोब’ ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. पण आपल्यातल्या अनेक घरांत एकजण कामाच्या व्हिसावर चांगल्या पगारावर आलेला असतो आणि दुसरा डिपेंडंट म्हणून येऊन मिळेल ती नोकरी धरतो. अशा घरात ‘निम्मं निम्मं’ हा शब्द ऐकायला न्यायाचा वाटतो, महिनाअखेरीला मात्र तसा राहत नाही.

एक जोडपं धरू. केतकीचा वर्षाचा पगार ६०,००० पौंड, अमोघचा ३०,०००. २०२५-२६ च्या दरांनी आयकर आणि नॅशनल इन्शुरन्स वजा केल्यावर केतकीच्या खात्यात महिन्याला ३,७८० पौंड येतात आणि अमोघच्या खात्यात २,०९३. (गणित सोपं राहावं म्हणून पेन्शनची कपात तूर्त बाजूला ठेवली आहे. स्कॉटलंडमध्ये कराचे टप्पे वेगळे आहेत, तिथे हे आकडे चालणार नाहीत.) सामाइक खर्च २,४००: भाडं १,५००, कौन्सिल टॅक्स १५०, गॅस-वीज १५०, पाणी ४५, इंटरनेट ३०, टीव्ही लायसन्स १५ आणि किराणा ५१०.

निम्मं केलं तर दोघांचे १,२०० जातात. केतकीच्या हातात २,५८० उरतात, अमोघच्या ८९३. पगाराच्या प्रमाणात वाटलं तर केतकी १,५४५ भरते आणि अमोघ ८५५. मग तिच्याकडे २,२३५ राहतात, त्याच्याकडे १,२३८. दोघांच्याही हातातल्या पगाराचा सारखाच, साधारण ४१ टक्के भाग घरात जातो. प्रमाणाचा अर्थ एवढाच. उरलेली रक्कम सारखी होत नाही, आणि तसा दावाही नाही.

इथे पहिला वाद निघतो तो ‘पगार म्हणजे कुठला आकडा’ यावर. कागदावरचा पगार धरला तर केतकी अमोघच्या दुप्पट कमावते, म्हणून तिने १,६०० आणि त्याने ८०० भरायचे. पण ५०,२७० पौंडांच्या वर तिला ४० टक्के कर लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष हातात दुप्पट येतच नाही. म्हणून हातात येणारा आकडा धरावा. तिचा वाटा ६४.४ टक्के निघतो. इथवर कुणाचं दुमत नसतं.

खरी मेख पेन्शनमध्ये आहे, आणि तिच्याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण चांगली शिकलेली माणसंसुद्धा इथे फसतात. समजा केतकीने सॅलरी सॅक्रिफाइस योजनेत पगाराचे १० टक्के, म्हणजे वर्षाला ६,००० पौंड, स्वतःच्या पेन्शनमध्ये वळवले. ते कराआधीच कापले जातात, म्हणून तिच्या हातातली रक्कम वर्षाला ६,००० नव्हे, फक्त ३,४८० ने कमी होते. महिन्याला ३,४९० येतात. आता बँकेत आलेल्या आकड्यांवरून प्रमाण काढलं तर तिचा वाटा ६२.५ टक्क्यांवर उतरतो आणि अमोघला महिन्याला ४४ पौंड जास्त भरावे लागतात. वर्षाला जवळपास ५३३ पौंड झाले. म्हणजे तिच्या एकटीच्या नावावरच्या पेन्शनला तो मदत करतोय, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

उपाय असा, की स्वेच्छेने टाकलेली रक्कम आधी पगारात परत मिळवायची आणि कर कापून येणारा आकडा नव्याने काढायचा. पेन्शनची नियमाप्रमाणे होणारी किमान कपात दोघांची होत असेल तर ती तशीच राहू द्यावी. आणि हे करताना पी-६० या वार्षिक कागदावर भिस्त ठेवू नये. त्यावर सॅलरी सॅक्रिफाइस वजा झालेलाच पगार छापलेला असतो. महिन्याच्या पगारपावतीवर मूळ पगार आणि कपात वेगळ्या ओळींत दिसतात, तीच काढा.

पहिल्या एक-दोन पावत्या मात्र वापरू नका. नव्याने रुजू झालेल्यांना अनेकदा तात्पुरता टॅक्स कोड लागतो, त्यात कर जास्त कापला जातो आणि नंतर परत मिळतो. कोडच्या जागी साधा `1257L` दिसला आणि त्याच्यापुढे `M1`, `W1` किंवा `X` जोडलेलं नसलं की पावती विश्वासाची. बोनसचा महिनाही टाळावा. मग शीटमध्ये एकच ओळ पुरते (`B1`, `B2` दोघांचे आकडे, `B3` एकूण खर्च):

```
=ROUND(B1/(B1+B2)*B3, 0)
```

कौन्सिल टॅक्स साधारणपणे एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत जातो. आपल्या उदाहरणात वर्षाचे १,८०० म्हणजे दहा महिने १८० आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शून्य. हिशोबात वर्षाची रक्कम बाराने भागूनच धरा, नाहीतर फेब्रुवारीत उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटतं.

घरी पाठवायच्या पैशांचा प्रश्न इथल्या इंग्रज जोडप्यांना सहसा पडत नाही, आपल्याला पडतो. केतकी साताऱ्याला आईवडिलांना महिन्याला ३०० पौंड पाठवते आणि ते तिच्या पगारातून आधी वजा केले, तर तिचा वाटा पुन्हा ६२.४ वर येतो. दोघांनीही ३०० पाठवून दोघांचेही वजा केले तर तो उलट ६६ टक्के होतो, कारण लहान पगाराला ३०० जास्त जड जातात. माझ्या मते दोघांचे वजा करावेत किंवा कुणाचेच नाही. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता मात्र कधीच वजा करू नये, जर तो फ्लॅट एकाच्याच नावावर असेल.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे हे असलं काही नसतं, सगळा पगार एका डब्यात. खरं आहे, आणि त्यातला विश्वास मला इथल्या टक्केवारीपेक्षा मोठाच वाटतो. पण कित्येक घरांत बायकोचा पगार किराण्यात आणि मुलांच्या फीमध्ये विरतो, नवऱ्याचा गृहकर्जात जातो, आणि वीस वर्षांनी घर त्याच्या नावावर असतं. मोजलं नाही म्हणून तिथे वाटप झालं नाही असं थोडंच आहे? हां, बायको ६४ टक्के भरते हे कळल्यावर गावाकडच्या आत्याबाई काय म्हणतील ते सांगायला नको. त्यांना आकडे सांगू नका, एवढंच.

तुमचा आपसातला करार बाहेर कुणाला बांधत नाही, हेही डोक्यात असावं. एकत्र राहणारं जोडपं कौन्सिल टॅक्सला एकत्रितपणे आणि एकेकटंही जबाबदार असतं, भाडेकरार दोघांच्या नावे असेल तर भाड्यालाही. अमोघने त्याचे ३६ टक्के भरले नाहीत तर घरमालक पूर्ण रक्कम केतकीकडे मागू शकतो. बिलांसाठी जॉइंट खातं काढलंत तर दोघांच्या क्रेडिट नोंदी एकमेकांशी जोडल्या जातात, म्हणून एकाची जुनी थकबाकी असेल तर आधी बोलून घ्या.

टक्केवारी एप्रिलमध्ये, नवं करवर्ष सुरू झालं की, बदलावी. मधेच बदलावी लागते ती बाळंतपणाच्या रजेत. कंपनीने वर काही दिलं नाही तर पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के, मग ३३ आठवडे २०२५-२६ च्या दराने जास्तीत जास्त आठवड्याला १८७.१८ पौंड मिळतात, म्हणजे महिन्याला सुमारे ८११. तेव्हा केतकीचा वाटा ६४ वरून २८ टक्क्यांवर येतो. ती ६७० भरते आणि तिच्याकडे १४१ उरतात. दोघांचे मिळून २,९०४ आणि खर्च २,४००, त्यात बाळाचं काहीच धरलेलं नाही. प्रमाण कितीही नेमकं काढलं तरी हा खड्डा भरत नाही. त्यासाठी आधीच्या वर्षभरात दोघांनी त्याच ६४-३६ ने वेगळ्या सामाइक खात्यात पैसे टाकलेले असावे लागतात, आणि ते बिलांच्या यादीतच एक ओळ म्हणून धरावेत.