चित्र उडालेली श्रेढीची गणितं

तुम्ही विचारलंत म्हणून: "सर, गणितातलं चित्रच उडालं, अन् पहिले दोन-तीन पदं त्यातच होते. आता हे सुटते का सोडून देऊ?"

कागदावर दोन वेगळ्या गोष्टी उरल्या असतील तर सुटतं, एकच उरली असेल तर नाही. आणि या "वेगळ्या" शब्दातच सगळी मेख आहे, ती मला स्वतःला एकदा चुकल्यावर कळली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात दहावीची पोरं संध्याकाळी माझ्याकडे गणिताला बसतात. त्यांच्याकडे सराव पेपर येतात ते झेरॉक्सची झेरॉक्स होऊन, चित्राच्या जागी नुसता काळा डाग, नाहीतर कोणीतरी मजकूर टाइप करून ग्रुपवर टाकतो आणि चित्र राहूनच जातं. अंकगणिती श्रेढीच्या धड्यात हे फार नडतं, कारण पोती, खुर्च्या, काड्यांचे चौकोन अशा उदाहरणांत पहिली पदं शब्दांत लिहिलेलीच नसतात, ती चित्रातून मोजायची असतात. खाली फक्त "वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे" एवढंच उरतं.

श्रेढी म्हणजे दोनच आकडे: पहिलं पद a आणि सामान्य फरक d. हे दोन हाती आले की दहावं पद, विसावं पद, सगळ्यांची बेरीज, काय पाहिजे ते काढता येतं. चित्र नेमकं हेच दोन आकडे देत होतं. ते गेलं म्हणजे दोन अज्ञात संख्या झाल्या, आणि त्या काढायला दोन समीकरणं पाहिजेत. ती कुठून आणायची? बहुतेक वेळा मागे छापलेल्या उत्तरांवरून.

माझी चूक झाली ते गणित असं होतं. "वरील आकृतीत मंडपातल्या पहिल्या तीन रांगांतील खुर्च्या दाखवल्या आहेत. याच क्रमाने २० रांगा लावल्यास (१) दहाव्या रांगेत किती खुर्च्या असतील? (२) एकूण किती खुर्च्या लागतील?" चित्र गायब. उत्तरांचं पान घडीवर फाटलेलं, त्यामुळे पहिलं उत्तर गेलेलं आणि दुसरं तेवढं वाचता येत होतं, ६१०.

आता सूत्र सगळ्यांना पाठ आहे, S_n = n/२ [२a + (n − १)d]. यात n च्या जागी २० आणि बेरजेच्या जागी ६१० टाकलं की १० नं भाग जाऊन उरतं २a + १९d = ६१. समीकरण एक, अज्ञात दोन. पण खुर्च्या अर्ध्या नसतात आणि उण्यातही नसतात, म्हणून उत्तरं मोजकीच निघतात. ६१ विषम आहे, २a सम आहे, म्हणून १९d विषमच पाहिजे, म्हणजे d विषम. d = १ घेतला तर a = २१. d = ३ घेतला तर a = २. d = ५ घेतला तर a उणे १७ येतो, तो बाद. खुर्च्या मागे मागे कमी होत असतील तर d = −१ ला a = ४० आणि d = −३ ला a = ५९, त्याच्या पुढे गेलात तर शेवटची रांग उण्यात जाते. म्हणजे एकूण चारच श्रेढ्या, आणि नीट पाहिलं तर त्या दोनच आहेत, २१ पासून ४० पर्यंत आणि २ पासून ५९ पर्यंत, एकदा समोरून मोजलेल्या आणि एकदा मागून.

मी काय केलं, २, ५, ८ धरलं. कारण पेपरवाले चित्रात छोटे आकडे काढतात, २१ खुर्च्यांची रांग कोण काढत बसेल असं मला वाटलं. ६१० जुळलं, पोरांनी उतरवून घेतलं, दहाव्या रांगेचं उत्तर २ + ९ × ३ = २९ लिहिलं. दोन दिवसांनी एक मुलगी मावसबहिणीकडून तोच पेपर घेऊन आली, उत्तरांचं पान शाबूत असलेला, आणि त्यात पहिलं उत्तर होतं ३०. म्हणाली, "सर, बेरीज जुळते मंग हे काऊन जुळत नाही?" खरं होतं तिचं. a + ९d = ३० हे दुसरं समीकरण मिळालं, त्याची दुप्पट २a + १८d = ६०, ती ६१ वाल्यातून वजा केली की d = १, आणि a = २१. चित्र २१, २२, २३ चं होतं. मंडपात पहिल्या रांगेत दोनच खुर्च्या आणि शेवटच्या रांगेत ५९ असं कोणी लावतं का, हा विचार मी त्या दिवशी करायला हवा होता, "मंडप" हा शब्द कागदावरच होता.

पण मला खरं छळलं ते वेगळंच. माझं २९ आणि खरं ३०, इतकं जवळ कसं काय? म्हणून बाकीच्या दोन्ही श्रेढ्यांचं दहावं पद काढून पाहिलं, ४० वालीचं ३१, ५९ वालीचं ३२. चारही अगदी शेजारी शेजारी. आणि अकरावं पद काढलं तर अनुक्रमे ३२, ३१, ३०, २९. दहावं आणि अकरावं मिळवा, चारही वेळा ६१. म्हणजे २० पदांची बेरीज आपल्याला फक्त मधल्या दोन पदांची बेरीज सांगते, बाकी काहीच सांगत नाही. श्रेढी त्या मध्याभोवती कशीही फिरवा, उताराची करा, चढाची करा, ६१० हलत नाही.

हे काही नवीन नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत बेरीज काढायची रीत दिलीय ती याच वाटेनं जाते, पहिल्या पदाला आदि, फरकाला चय, पदांच्या संख्येला गच्छ, आणि आधी शेवटचं पद काढून त्यात आदि मिळवून अर्ध करायचं, ते मध्यधन, मग मध्यधनाला गच्छानं गुणलं की सर्वधन. आपण शाळेत थेट सूत्रात आकडे घालतो त्यामुळे हे मध्यधन दिसतच नाही, आणि मला वाटतं धड्यातलं सगळ्यात कामाचं तेच आहे. बेरीज म्हणजे मधलं पद गुणिले पदांची संख्या. पदं विषम असतील तर मधलं पद खरोखर श्रेढीत असतं, सम असतील तर ते दोन पदांच्या मध्ये पडतं, इथं ३०.५ वर पडलं तसं.

आता "वेगळ्या" गोष्टींचं कळेल. बेरजेनं मध्य दिला, तर दुसरी गोष्ट मध्यापासून बाजूची पाहिजे. पहिलं पद, शेवटचं पद, कुठलंही कडेचं पद, किंवा दुसऱ्याच संख्येच्या पदांची बेरीज. मध्याच्या जितकं जवळचं पद तितका माझ्यासारखा घोटाळा व्हायची भीती, कारण सगळ्या खोट्या श्रेढ्या तिथं एकमेकींना खेटून असतात, आणि कडेला त्या लांब लांब जातात. त्या गणितात पहिली रांग किती एवढं कोणी सांगितलं असतं तर २ की २१ हा प्रश्नच उरला नसता.

कधी कधी ती दुसरी गोष्ट वस्तूच सांगते, म्हणून चित्र गेलं तरी शब्द नीट वाचा. काड्यांचे चौकोन एकाला एक जोडत जायचे, पहिल्या आकृतीत एक चौकोन, दुसरीत दोन, अशा दहा आकृत्या वेगवेगळ्या करायला एकूण किती काड्या, उत्तर १७५. इथं चित्राची गरजच नाही, एका चौकोनाला ४ काड्या लागतात हे आपल्याला माहीत आहे, म्हणून a = ४. मग ५ × (८ + ९d) = १७५, यावरून d = ३, आणि ते पटतंही, कारण जोडलेल्या चौकोनाची एक बाजू आधीच तयार असते. उत्तर २२० असतं तर d = ४ आला असता, म्हणजे चौकोन सुटे सुटे होते. आणि उत्तर नुसतं ३१ असतं तर ते बेरजेचं नाहीच, एकट्या दहाव्या आकृतीच्या काड्या आहेत, ४ + २७. प्रश्न दहाव्या आकृतीचा आहे की दहाही आकृत्यांचा, हे चित्र नसताना पोरं फार चुकतात, छापलेल्या उत्तराच्या आकारावरून ते ओळखता येतं.

एक गोष्ट मात्र उत्तरावरूनही धरू नका, ती म्हणजे ही अंकगणिती श्रेढीच आहे. "याच क्रमाने" म्हणजे दरवेळी सारखीच वाढ असं नाही. ठिपक्यांचे त्रिकोण घेतले तर १, ३, ६, १० होतात, वाढ २, ३, ४ अशी, तिथं हे सूत्र चालत नाही. धडा श्रेढीचा असेल किंवा "प्रत्येक रांगेत सारख्याच वाढत जातात" असं लिहिलं असेल तरच पुढे जा. तिसरं एखादं उत्तर हाती असेल तर a, d काढून झाल्यावर त्याच्याशी ताडून पाहा, न जुळलं तर श्रेढीच वेगळी आहे किंवा कुठलं तरी उत्तर चुकीचं छापलंय.

परवा जिनं विचारलं तिच्या कागदावर आठवं पद २५ आणि पहिल्या १५ पदांची बेरीज ३७५ होती. तिला वाटलं दोन गोष्टी आहेत म्हणजे सुटायलाच पाहिजे, दोन समीकरणं मांडली, वजाबाकी केली आणि शेवटी ० = ० आलं, तिला वाटलं आकडेमोड चुकली. चुकली नव्हती. १५ मधलं मधलं पद आठवंच, आणि १५ × २५ = ३७५, म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहिलेली. ४, ७, १० नं सुरू होणारी श्रेढीही बसते, ११, १३, १५ वालीही बसते, १८, १९, २० वालीही बसते, त्यातली चित्रात कोणती होती हे तो कागद सांगूच शकत नाही. तिला तिन्ही लिहून ठेवायला सांगितलं आणि ज्या दादानं पेपर पाठवला त्याला एवढंच विचार म्हटलं, "पहिल्या रांगेत किती होते?"