कर त्यांचा, भरणार आम्ही

अंधेरीतील एका लघुउद्योगाच्या लेखापालांचा मार्च 2025 मध्ये एका दुपारी फोन आला. जर्मनीतील एका कंपनीने त्यांच्या यंत्रासाठी नियंत्रण प्रणालीची रचना करून दिली होती आणि तिथूनच कामगारांना ऑनलाइन प्रशिक्षण दिले होते. बिल 50,000 युरोंचे होते. "मॅडम, आजच 15CB द्या. पैसे मिळाल्याशिवाय ते पासवर्ड देणार नाहीत, आणि यंत्र बंद पडून आहे," ते म्हणाले. परदेशी पैसे पाठवताना सनदी लेखापालाने द्यायचे हे प्रमाणपत्र बाहेरच्यांना सहीपुरते वाटते. प्रत्यक्षात कोणत्या दराने, कोणत्या आधारावर आणि किती कर कापला, हे त्यात लिहून त्याखाली मला सही करावी लागते.

त्यांनी सोबत पाठवलेल्या तक्त्यात 50,000 युरोंवर 10 टक्के म्हणजे 5,000 युरो कर धरला होता आणि जर्मन कंपनीला मात्र पूर्ण 50,000 पाठवायचे होते. मी करार मागवला. खरेदी विभागाने सही केलेल्या त्या करारात पुरवठादाराच्या बाजूने एक कलम होते: भारतात कोणताही कर कापावा लागला, तरी आम्हाला ठरलेली रक्कम पूर्ण मिळाली पाहिजे आणि कमी पडणारी रक्कम खरेदीदाराने वाढवून द्यावी. यालाच ग्रॉस-अप म्हणतात. करार याबाबत गप्प असता, तर कायद्याने कापलेला कर मिळणाऱ्याच्या पैशातून गेला असता आणि त्याच्या हाती 45,000 पडले असते. खरेदी विभागाने दराची घासाघीस चोख केली होती. हे कलम मात्र कोणी वाचलेच नव्हते, आणि असे मी पहिल्यांदा पाहत नाही.

आयकर खात्याला या करारातले काहीही बांधत नाही. त्या वेळी लागू असलेल्या 1961 च्या कायद्यातील कलम 195 नुसार कर कापण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्याची आहे. तो चुकला, तर थकबाकीदार तोच ठरतो आणि व्याजही त्यालाच लागते. कर कोणी सोसायचा, हे करार फक्त त्या दोघांपुरते ठरवतो. देणाऱ्याने कर स्वतः सोसायचा असेल, तर कलम 195A सांगते की कर वजा जाता ठरलेली रक्कम उरेल इतके उत्पन्न वाढवून धरावे. म्हणून 50,000 ला 0.90 ने भागायचे. वाढवलेले उत्पन्न 55,556 युरो, त्याच्या दहा टक्के म्हणजे 5,556 युरो कर. लेखापालांच्या तक्त्यात हा 556 चा फरक नव्हता, आणि तो भरला नसता तर कर कमी भरल्याचा ठपका माझ्या अशिलावरच आला असता.

पण खरी अडचण 10 टक्के या आकड्यातच होती. आपल्या कायद्यातील तांत्रिक सेवेच्या शुल्कावरील दर 2023 मध्ये 10 वरून 20 टक्के झाला, आणि त्यावर 4 टक्के उपकर धरला की तो 20.8 टक्के होतो. जर्मनीशी असलेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारात तो 10 टक्के आहे, पण त्याचा लाभ घेण्यासाठी त्या कंपनीने आपल्या देशातील कर-रहिवासाचे प्रमाणपत्र द्यायचे आणि भारताच्या आयकर पोर्टलवर स्वतःच्या तपशिलांचा फॉर्म 10F भरायचा होता. प्रमाणपत्र होते, पण 2024 या वर्षाचे, आणि बिल मार्च 2025 चे. फॉर्म 10F नव्हताच. कागदांविना 20.8 टक्क्यांनी हिशेब केला, तर 50,000 भागिले 0.792, म्हणजे उत्पन्न 63,131 आणि कर 13,131 युरो. कागद असणे आणि नसणे यातला फरक 7,576 युरोंचा होता, म्हणजे युरो ढोबळमानाने 90 रुपये धरला तर सुमारे 6 लाख 80 हजार रुपयांचा.

लेखापालांनी लगेच जर्मन कंपनीला मेल केला. उत्तर तासाभरात आले आणि सभ्य होते: भारतातला कर हा करारानुसार तुमचा विषय आहे, आमची रक्कम वेळेवर पाठवा. या उत्तराचा मला राग आला, पण त्यात खोटे काहीच नव्हते. कर वाचवणारा कागद ज्याच्या हातात आहे, त्याच्या खिशातून ग्रॉस-अप कलमामुळे एक पैसाही जाणार नव्हता. मग परक्या देशाच्या पोर्टलवर नोंदणी करून, कंपनीचे आणि सही करणाऱ्याचे तपशील चढवून त्याने फॉर्म का भरावा? पॅन नसलेल्या परदेशी कंपन्यांना नोंदणीची सोय ऑक्टोबर 2023 पासून झाली आहे, पण सोय झाली म्हणजे सोपे झाले असे नाही. शिवाय हा फॉर्म माझे अशील त्यांच्या वतीने भरू शकत नाही.

मालकांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. आज पैसे पाठवायचेच असतील, तर मी 20.8 टक्क्यांच्या हिशेबानेच सही करीन. नंतर परतावा मागायचा, तर त्यासाठी त्या कंपनीलाच भारतात विवरणपत्र भरावे लागेल, जे ती भरणार नाही. नाहीतर दोन दिवस थांबायचे आणि त्यांना नोंदणीसाठी बसवायचे. मालक थांबायला तयार झाले, आणि बिल अजून पुस्तकात जमा केलेले नव्हते म्हणून थांबता आले. रक्कम आपल्या पुस्तकात पुरवठादाराच्या खात्यात जमा झाली की पैसे न देताही कर कापण्याची वेळ येते, हे बिल घाईने नोंदवणारे विसरतात.

त्यांच्या बाजूच्या लेखा विभागातील एका बाईंशी मी स्वतः बोलले. त्यांनी नव्या वर्षाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्या कर कार्यालयाकडे अर्ज आधीच केला होता. कोणी विचारले नाही म्हणून सांगितले नव्हते. प्रमाणपत्र आले, स्क्रीन शेअर करून फॉर्म 10F त्यांच्याकडून भरून घेतला, आणि मी 10 टक्क्यांवर सही केली. स्टेट बँक परकी चलन ज्या दराने विकत घेते, त्या टीटी बाइंग दराने 5,556 युरोंचे रुपये करून कर भरला, आणि 27Q या तिमाही विवरणपत्रात ग्रॉस-अपच्या रकान्यात 'होय' लिहिले.

पुढच्या महिन्यात त्याच कंपनीचा मेल आला. कर भरल्याचा दाखला पाठवा, जर्मनीतल्या आमच्या करातून आम्हाला त्याची वजावट घ्यायची आहे. जो कर आमचा नाही असे त्यांनी लेखी कळवले होते, त्याचीच ही वजावट. मालक भडकले. दाखला देणे कायद्याने भाग आहे आणि कायद्याच्या दृष्टीने तो कर त्यांच्याच उत्पन्नावरचा आहे, हे मी त्यांना समजावले.

मग मी उलट बाजूनेही हिशेब केला. समजा, या कामासाठी त्यांना 42,500 युरो खर्च आला. वाढवलेल्या 55,556 मधून तो वजा जाता 13,056 नफा उरतो. जर्मनीचा कंपनी कर आणि एकता अधिभार मिळून 15.825 टक्के, म्हणजे सुमारे 2,066 युरो. वजावट तिथल्या करापेक्षा जास्त मिळत नाही, म्हणून आमचे 5,556 भरले तरी त्यांना फायदा फार तर 2,066 चा. ग्रॉस-अप नसते, तर त्यांचा नफा 7,500, आमची कपात 5,000 आणि वजावट फक्त 1,187. उरलेले 3,813 युरो त्यांच्या खिशातून गेले असते, म्हणजे नफ्याचा निम्म्याहून अधिक भाग. आपण कर नफ्यावर नव्हे, तर पूर्ण बिलावर कापतो, त्यामुळे ते हे कलम घालतात. त्यांच्या जागी मीही घातले असते.

पुढच्या करारासाठी मी मसुदा बदलून दिला. चालू वर्षाचे रहिवास प्रमाणपत्र आणि फॉर्म 10F बिलासोबत आले तरच ग्रॉस-अप, तेही करार-दरापुरते. कागद नसतील, तर जास्तीचा कर त्यांच्या रकमेतून. आणि जर्मनीत त्यांना जी वजावट प्रत्यक्ष मिळेल, ती त्यांनी माझ्या अशिलाला परत करावी. त्यांच्या वकिलांनी कागदांची अट मान्य केली. वजावट परत करण्याच्या अटीवर लाल रेघ मारून शेजारी लिहिले की आमचे करविवरणपत्र आम्ही ग्राहकाला दाखवत नाही. मालक म्हणतात, लढा. वजावट त्यांना मिळाली की नाही, हे त्यांच्या विवरणपत्राशिवाय सिद्ध करता येणार नाही. म्हणून सध्या मी त्याऐवजी मूळ दरातच ठरावीक सूट मागण्याचा पर्याय तपासते आहे.