कुरवाळून घेणारी मांजर अचानक का उलटते

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या माझ्या दवाखान्यात एका सकाळी शेजारच्या वाड्यातल्या काकू चार वर्षांच्या मनीला टोपलीत घालून घेऊन आल्या. "आपणहून मांडीवर येते, छान घुरघुरते, आणि थोड्या वेळाने मलाच पंजा मारते. डॉक्टर, हिला वेड तर लागलं नाही ना?" त्यांच्या मनगटावर दाताच्या ताज्या खुणा होत्या. मांजराचा दात बारीक असला तरी खोल रुततो आणि वरची जखम लवकर मिटते, म्हणून आधी त्यांना साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे हात धुवायला लावला आणि रेबीजच्या लशीसाठी आजच डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले.

अशा तक्रारीत पहिली शंका दुखण्याची घ्यावी लागते. मी मनीचे दात, कान आणि कातडी पाहिली, पाठीचा कणा व मागचे सांधे हलकेच दाबून पाहिले. कुठेही ती आखडली नाही. मग काकूंना म्हटले, "घरी जशी कुरवाळता, तशीच कुरवाळा."

त्यांचा हात डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत एकसारखा फिरू लागला. मनीचे डोळे मिटलेले होते. थोड्याच वेळात शेपटीचे टोक हलू लागले, पाठीवरची कातडी लहरीसारखी थरथरली, कान बाजूला वळले आणि डोळे उघडले तेव्हा बाहुल्या मोठ्या झालेल्या होत्या. घुरघुर मात्र चालूच होती, आणि काकूंचा सारा विश्वास त्या आवाजावरच होता. मनीने मान हाताकडे वळवताच मी त्यांना थांबवले.

एकाच जागी वारंवार होणारा स्पर्श सुरुवातीला सुखाचा असतो, पण उत्तेजना साचत जाऊन मांजराच्या सोसण्यापलीकडे जाते. मांजरे एकमेकांना चाटतात तीही बहुतेक डोके आणि मानेपुरतीच व थोडा वेळ. पाठीच्या खालच्या भागावरचा लांबलचक हात अनेकींना लवकर नकोसा होतो. फिसकारणे हे त्या वेळी "आता पुरे" असे सांगणेच असते, आणि आधीच्या खुणा कुणी वाचल्या नाहीत तर पंजा येतो. ही मर्यादा प्रत्येक मांजराची वेगळी असते, म्हणून ठरावीक मिनिटे सांगता येत नाहीत.

मी काकूंना सांगितले की गालांवर, हनुवटीखाली आणि कानांच्या मुळाशी तीनचार वेळा हात फिरवून तो बाजूला घ्यावा. मनीने स्वतः डोके पुढे केले तरच पुन्हा सुरू करावे, आणि शेपटी हलू लागताच थांबावे. त्यांनी विचारले, "आणि मारलंच तर रागवू का?" रागावल्याने मांजर फिसकारणे सोडून थेट चावायला शिकू शकते, म्हणून हात झटकन न ओढता स्थिर ठेवावा व तिला उतरू द्यावे, असे मी म्हटले.

काकूंनी तिथेच करून पाहिले. हात बाजूला होताच मनी क्षणभर बसली, मग गाल त्यांच्या बोटांवर घासला. दुसऱ्या खेपेला तिने तोंड फिरवले, आणि काकूंनी हात मांडीवर ठेवला. जाताना मी त्यांना एवढेच बजावले, की मनी म्हातारी झाल्यावर किंवा एकाएकी पूर्वीपेक्षा लवकर चिडू लागली, तर ते सवयीचे न मानता लगेच तपासून घ्यावे, कारण तेव्हा सांधे किंवा दात दुखत असण्याची शक्यता असते.